"व्हिडिओ लॅपटॉपवर आहे" म्हणजे नेमकं काय आहे?



गड्ड्याच्या यात्रेला चार दिवस राहिले होते. सिद्धेश्वराच्या यात्रेत आमच्या गटाचा शेंगा चटणीचा स्टॉल लागणार होता आणि त्यासाठी आम्ही पहिल्यांदाच स्वतः व्हिडिओ तयार केला होता. तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. शेंगदाणे भाजण्यापासून ते उखळात तेल सुटेपर्यंत कांडण्यापर्यंत सगळं त्यात होतं. शेवटी ऑर्डरसाठी मोबाईल नंबर होता. व्हिडिओ व्हॉट्सॲपवर गेला, लोकांना आवडला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एका पाहुण्यांचा फोन आला, "अहो, तुमच्या नंबरवर कुणी दादा उचलतात. चटणीचं विचारलं तर राँग नंबर म्हणतात."

नंबरात ३ च्या जागी ८ पडला होता. एकच आकडा.

आम्हाला वाटलं, त्यात काय, बदलून टाकू. आमची जी ताई एडिटिंगला बसली होती, तिला विचारलं, "व्हिडिओ आहे ना लॅपटॉपवर?" ती म्हणाली, "आहे की." आम्ही निर्धास्त झालो. पण तो एक आकडा बदलायला आम्हाला दोन दिवस लागले आणि त्यात एक गोष्ट कायमची गेली. कारण "व्हिडिओ लॅपटॉपवर आहे" या वाक्याचा अर्थ ताईच्या मनात एक होता, आमच्या मनात दुसरा होता आणि लॅपटॉपच्या लेखी तिसराच होता.

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. तुमच्या गटात कुणी पहिल्यांदा एडिटिंगला बसणार असेल, तर तिला हे आधी सांगा. बटणं कुठली दाबायची, ते नंतर शिकता येतं.

तीन वस्तू

एक व्हिडिओ तयार करताना लॅपटॉपवर तीन वेगळ्या वस्तू जमा होतात. पहिली, मोबाईलवर शूट केलेल्या मूळ क्लिप, आणि त्यांच्यासोबत वापरलेले फोटो, संगीत, माईकवर रेकॉर्ड केलेलं बोलणं. दुसरी, प्रोजेक्ट फाइल. तिसरी, एक्स्पोर्ट करून काढलेला तयार व्हिडिओ.

आपण सोलापूरकडच्या बायका आहोत, तेव्हा हे चादरीवरून सांगते. जुन्या जकार्ड मागावर चादर विणताना कुणी बघितलं असेल तर आठवेल. मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ असते. पुठ्ठ्यावर ज्या जागी भोक, त्या जागचा उभा धागा वर उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खाली राहतो. असे एकामागून एक पुठ्ठे सरकत जातात आणि चादरीवर मोर उमटतो, फुलं उमटतात. आता बघा, त्या पुठ्ठ्यात सूत आहे का? नाही. रंग आहे का? नाही. मोरसुद्धा नाही. कोणत्या वेळी कोणता धागा उचलायचा, एवढीच सूचना त्यात आहे. सूत वेगळं, पुठ्ठे वेगळे आणि विणून निघालेली चादर वेगळी.

मूळ क्लिप म्हणजे सूत. प्रोजेक्ट फाइल म्हणजे भोकांचे पुठ्ठे. तयार व्हिडिओ म्हणजे चादर.

चादर विकायला नेता येते, अंगावर घेता येते. पण विणलेल्या चादरीतल्या मोराचं तोंड दुसऱ्या बाजूला करा म्हटलं तर होत नाही. त्यासाठी पुठ्ठा बदलावा लागतो आणि पुन्हा विणावं लागतं. पुन्हा विणायला सूत लागतं. पुठ्ठे जपून ठेवले आणि सूतच नाही, तर नुसत्या पुठ्ठ्यांची चादर होत नाही.

फरक एकच आहे, आणि तो आपल्या फायद्याचा आहे. सूत एकदा विणलं की संपतं. मूळ क्लिप संपत नाही. एडिटिंग करताना आपण क्लिप कापतो, तुकडा फेकतो, रंग उजळ करतो, आवाज वाढवतो, तेव्हा मूळ क्लिपला हातही लागत नाही. ती जशीच्या तशी राहते. कापल्याची नोंद फक्त प्रोजेक्ट फाइलमध्ये होते. म्हणून नवीन शिकणाऱ्या ताईनं "कापलं तर शूटिंग वाया जाईल" अशी भीती बाळगू नये. वाया जातं ते कापल्यानं नव्हे. मूळ क्लिप डिलीट केली, की मग मात्र गेलं.

प्रोजेक्ट फाइल उघडून बघितली तर

आम्ही शॉटकट नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतो. ग्रामसंघाच्या लॅपटॉपवर ते आहे. त्यात काम करून `Ctrl+S` दाबलं की जी फाइल सेव्ह होते, तिच्या नावाच्या शेवटी `.mlt` असतं. हीच प्रोजेक्ट फाइल. आमच्या चटणीच्या व्हिडिओची ही फाइल सुमारे साठ केबीची होती. व्हॉट्सॲपवर येणारा एखादा फोटोसुद्धा यापेक्षा मोठा असतो. अकरा मूळ क्लिप मिळून अडतीस मिनिटांचं शूटिंग होतं आणि त्यांचं वजन पाच जीबीच्या आसपास होतं. तयार व्हिडिओ अडीचशे एमबीचा.

साठ केबीत पाच जीबी मावेल कसं? मावत नाहीच. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत नुसता मजकूर दिसतो. बरंचसं आपल्याला कळत नाही, पण शोधलं तर अशा ओळी सापडतात:

```
<property name="resource">E:/VID_20231212_091233.mp4</property>
<entry producer="chain3" in="00:02:10.000" out="00:02:18.000"/>
```

पहिली ओळ पत्ता सांगते: `E:` या जागी या नावाची क्लिप आहे, ती घे. दुसरी ओळ माप सांगते: तिच्यातलं दोन मिनिटं दहा सेकंदांपासून दोन मिनिटं अठरा सेकंदांपर्यंतचं दाखव. बस. आमच्या व्हिडिओत अक्का उखळात चटणी कांडताना दिसतात ते दृश्य प्रोजेक्ट फाइलमध्ये एवढंच आहे. एक पत्ता आणि दोन वेळा. चित्र नाही, आवाज नाही.

पडद्यावर लिहिलेली अक्षरं मात्र प्रोजेक्टमध्येच असतात, कारण ती आपण तिथेच टाइप केलेली असतात. म्हणजे चुकलेला आकडा प्रोजेक्ट फाइलमध्ये एका जागी लिहिलेला होता. तिथं बदलला, पुन्हा एक्स्पोर्ट केला की झालं. दहा मिनिटांचं काम. (नोटपॅडमध्ये नुसतं बघायचं हं. बदल करायचा तो सॉफ्टवेअरमध्येच.)

मग दोन दिवस का लागले?

पहिल्या दिवशी ताईनं प्रोजेक्ट उघडलाच नाही. तयार व्हिडिओ समोर होता, तोच शॉटकटमध्ये ओढून घेतला आणि चुकीच्या नंबरावर नवा नंबर टाइप केला. दोन्ही नंबर एकमेकांवर दिसायला लागले. मग जुना झाकायला काळी पट्टी टाकली. पट्टीनं नंबर झाकला आणि चटणीच्या पाकिटाचा खालचा अर्धा भागही झाकला, जिथं गटाचं नाव छापलं आहे. कारण तयार व्हिडिओत नंबर ही वेगळी वस्तू उरतच नाही. चित्र, अक्षरं, संगीत, बोलणं, सगळं एकजीव झालेलं असतं. चटणीत मीठ जास्त झालं तर मिठाचे दाणे वेचून काढता येतात का? तसंच.

शिवाय तयार व्हिडिओ घेऊन त्यावरून पुन्हा तयार व्हिडिओ काढला की चित्र थोडं आणखी खराब होतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षर फिकं पडतं तसं. एकदा कळत नाही, दोन-तीनदा केलं की कांडताना उडणाऱ्या तिखटाच्या जागी नुसते लाल चौकोन दिसतात.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडला. उघडताच समोर `Missing Files` अशी चौकट आली आणि तिच्यात चार नावं. ताई घाबरली. "अक्का, हे काय म्हणायलंय? मी तर काहीच पुसलं नाही ओ."

तिनं खरंच काही पुसलं नव्हतं. अकरापैकी सात क्लिप तिनं आधी लॅपटॉपवर कॉपी केल्या होत्या. उरलेल्या चार पेन ड्राइव्हवर आल्या होत्या, त्या तिनं पेन ड्राइव्हवरूनच थेट टाइमलाइनवर ओढल्या होत्या. त्या दिवशी पेन ड्राइव्ह लावलेला होता, म्हणून सगळं नीट चाललं. सॉफ्टवेअरनं त्या चार क्लिप आत घेतल्या नाहीत, त्यांचा पत्ता तेवढा लिहून ठेवला: `E:` म्हणजे पेन ड्राइव्ह. नंतर तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या कामाला गेला, कुणीतरी रिकामा करून त्यात बँकेचे कागद भरले. पत्ता राहिला, घर गेलं.

हे फक्त पेन ड्राइव्हनं होतं असं नाही. क्लिप एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, तिचं नाव `VID_20231212_091233` बदलून `akka` केलं, फोल्डरचं नाव बदललं, तरीही प्रोजेक्टला ती सापडत नाही. मात्र अशा वेळी क्लिप कुठंतरी असते. `Missing Files` च्या चौकटीत एकेका नावावर दोनदा क्लिक करून "ही बघ, आता इथं आहे" असं दाखवलं की सगळं पुन्हा जागेवर येतं. म्हणून ती चौकट आली की घाबरून प्रोजेक्ट पुन्हा पहिल्यापासून करू नका. आधी शोधा. आणि क्लिप सापडेपर्यंत तो प्रोजेक्ट त्याच नावानं सेव्ह करू नका.

आम्ही शोधलं. चारपैकी तीन क्लिप शूटिंग केलेल्या ताईच्या मोबाईलमध्ये अजून होत्या. त्या कॉपी केल्या, दाखवल्या, जागेवर आल्या. चौथी मोबाईलमध्ये नव्हती. "लॅपटॉपवर गेलं ना आता" म्हणून तिनं जागा करायला ती पुसली होती. ती क्लिप अक्कांची होती.

चौथी क्लिप

आमच्या गटात सगळ्यात मोठ्या अक्का. चटणीचं माप त्यांचं. त्या दिवशी कांडता कांडता त्या ओव्या म्हणायला लागल्या, आणि ताईनं मोबाईल चालूच ठेवला. सहा मिनिटं. तयार व्हिडिओत आम्ही त्यातली आठच सेकंदं घेतली होती, तीही संगीताखाली दबलेली.

खूप शोधल्यावर गटाच्या व्हॉट्सॲपवर एक तुकडा सापडला. दीड मिनिटाचा. कुणीतरी स्टेटसला ठेवायला कापून पाठवलेला. त्याचं नाव `VID-20231212-WA0007.mp4`. नावात `WA` दिसलं की समजायचं, हे व्हॉट्सॲपवरून आलेलं आहे, मूळ नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो पाठवताना दाबून लहान केला जातो. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर फरक कळत नाही, लॅपटॉपवर लगेच कळतो. मूळ क्लिपच पाठवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, म्हणजे जशीच्या तशी जाते.

प्रोजेक्टला आम्ही तो तुकडा दाखवला, तर तिथंही अडलं. प्रोजेक्ट मागत होता दोन मिनिटं दहा सेकंदांपासूनचं दृश्य. तुकडा होता दीड मिनिटाचाच. त्यात दोन मिनिटं दहा सेकंद ही जागाच नाही. शेवटी दुसरी आठ सेकंदं निवडून बसवली. चित्र जरा धूसर आहे, पण नंबर बरोबर आला आणि यात्रेत व्हिडिओ चालला.

उरलेली साडेचार मिनिटं मात्र गेली. अक्का म्हणाल्या, "त्यात काय, परत म्हणते की." म्हटल्याही. आम्ही रेकॉर्डही केलं. पण त्या दिवशी त्यांनी लेकीवरच्या ज्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या काही त्यांना पुन्हा आठवेनात. "हात चालला की तोंडात येतं बाई, ठरवून येत नाही," म्हणाल्या.

म्हणून आम्ही सांगतो, तिन्ही वस्तूंत मूळ क्लिप सगळ्यात मोलाची. तयार व्हिडिओ हरवला तर प्रोजेक्टवरून पुन्हा काढता येतो. प्रोजेक्ट हरवला तर दोन दिवस बसून पुन्हा जुळवता येतो. मूळ क्लिप हरवली तर तिला मागं काही नाही. आणि नेमकी तीच जास्त जागा खाते, म्हणून तीच आधी पुसली जाते.

कोणती वस्तू कोणती, हे ओळखायचं कसं?

नव्या ताईचा गोंधळ इथंच होतो, कारण मूळ क्लिप आणि तयार व्हिडिओ दोघांच्याही नावाच्या शेवटी `.mp4` असतं. आणि बऱ्याच लॅपटॉपवर हे शेवटचं अक्षर दिसतच नाही. विंडोजमध्ये फोल्डर उघडून `View` मध्ये `File name extensions` वर खूण केली की ते दिसायला लागतं. हे काम पहिल्याच दिवशी करून ठेवा.

मग वजन बघा. काही केबीची, `.mlt` असलेली फाइल म्हणजे प्रोजेक्ट. ती व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवली तर तिच्या मोबाईलवर उघडणार नाही. "मी व्हिडिओ पाठवला पण दिसत नाही" अशी तक्रार आली तर दहापैकी नऊ वेळा हेच झालेलं असतं. सेव्ह केलेलं पाठवलं, एक्स्पोर्ट केलेलं नाही. सेव्ह म्हणजे पुठ्ठे कपाटात ठेवणं. एक्स्पोर्ट म्हणजे माग चालवणं. `Export` केल्यावर शॉटकटच्या `Jobs` या चौकटीत किती टक्के झालं ते दिसतं. ते पूर्ण होण्याआधी लॅपटॉप बंद केला तर फाइल तयार झालेली दिसते, पण चालत नाही. अर्धी विणलेली चादर मागावरून ओढून काढल्यासारखं.

आता आम्ही काय करतो

एका व्हिडिओला एक फोल्डर. शूटिंग झालं की एडिटिंगला बसण्याआधी सगळं त्या एका फोल्डरमध्ये आणायचं. चटणीच्या दुसऱ्या व्हिडिओचं आमचं फोल्डर असं आहे:

```
chutney_2/
  chutney_2.mlt
  mul/
  awaj/
  tayar/
```

`mul` मध्ये मोबाईलवरच्या क्लिप आणि फोटो, `awaj` मध्ये संगीत आणि बोलणं, `tayar` मध्ये एक्स्पोर्ट केलेले व्हिडिओ. प्रोजेक्ट फाइल या सगळ्यांच्या वर, त्याच फोल्डरमध्ये. नावात मोकळी जागा सोडत नाही आणि क्लिपची नावं बदलायची असतील तर टाइमलाइनवर घेण्याआधीच बदलतो. नंतर नाही.

असं केल्यानं एक मोठा फायदा होतो. क्लिप प्रोजेक्ट फाइलच्याच फोल्डरमध्ये किंवा त्याच्या पोटातल्या फोल्डरमध्ये असेल, तर शॉटकट पूर्ण पत्ता लिहीत नाही. `E:` की `D:` ते लिहीत नाही. नुसतं लिहितं: `mul/VID_20240203_101540.mp4`. म्हणजे "माझ्या शेजारच्या `mul` मध्ये बघ." मग अख्खं फोल्डर उचलून दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवा, पेन ड्राइव्हवर ठेवा, शेजार बदलत नाही, म्हणून पत्ताही चुकत नाही. घर हलवताना अख्खं बिऱ्हाड सोबत नेल्यासारखं. पण अख्खं न्यायचं. नुसती `.mlt` नेली की पुन्हा `Missing Files`.

प्रोजेक्टमध्ये मोठा बदल करण्याआधी `Save As` करून `chutney_2_b` असं दुसरं नाव देतो. फाइल काही केबीची, दहा ठेवल्या तरी जागा जात नाही. `tayar` मधल्या व्हिडिओलाही तेच अक्षर देतो, म्हणजे कोणता व्हिडिओ कोणत्या प्रोजेक्टमधून निघाला ते कळतं. आणि बाहेर पाठवण्याआधी एक ताई तयार व्हिडिओ बघून त्यातला नंबर आपल्या फोनवरून लावते. आमचाच फोन वाजला तरच व्हिडिओ जातो.

सगळं नीट जमा झालंय का, याची खात्री करायची एक रीत आहे. फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा, दुसऱ्या कुठल्याही लॅपटॉपवर शॉटकट असेल तिथं तो प्रोजेक्ट उघडा. `Missing Files` आलं नाही, म्हणजे बिऱ्हाड पूर्ण आहे. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालवून बघा. तिथं मराठी अक्षरं वेगळी दिसू शकतात, कारण अक्षराचं वळण, म्हणजे फॉन्ट, हेही प्रोजेक्टमध्ये नसतं. त्याचं फक्त नाव असतं. त्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल तर दुसरा वापरला जातो आणि नंबर पडद्याबाहेर सरकू शकतो. फॉन्ट वेगळा उतरवून घेतला असेल तर त्याची फाइलही फोल्डरमध्ये ठेवा.

जागा कमी पडायला लागली तर? व्हिडिओ पूर्ण झाल्यावर ज्या क्लिप टाइमलाइनवर घेतल्याच नाहीत, त्या काढता येतात. त्यांचा पत्ता प्रोजेक्टमध्ये लागत नाही. पण काढण्याआधी त्या एकदा बघा, त्यात एखादी अक्का ओव्या म्हणत असेल. वापरलेली क्लिप मात्र आठच सेकंदं वापरली असली तरी अख्खी ठेवायची. आणि मूळ क्लिप दोन ठिकाणी झाल्याशिवाय मोबाईलमधून पुसायच्या नाहीत. पेन ड्राइव्ह हा नेण्या-आणण्याचा डबा आहे, कोठार नाही. आम्ही दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि ती ग्रामसंघाच्या कपाटात असते.

मोबाईलवरच एडिटिंग करणाऱ्यांसाठी

बऱ्याच जणी लॅपटॉपशिवाय, मोबाईलच्या ॲपवरच व्हिडिओ जुळवतात. तिथंही वस्तू तीनच असतात, फक्त दिसत नाहीत. ॲप उघडल्यावर अर्धवट राहिलेले व्हिडिओ ड्राफ्ट किंवा प्रोजेक्ट म्हणून दिसतात, ती प्रोजेक्ट फाइल. गॅलरीतलं शूटिंग म्हणजे मूळ क्लिप. एक्स्पोर्ट केल्यावर गॅलरीत येतो तो तयार व्हिडिओ.

इथं धोका दोन बाजूंनी. ड्राफ्ट ॲपच्या पोटात राहतात, म्हणून ॲप काढून टाकलं किंवा सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा साफ केला की ड्राफ्टही जातात. आणि गॅलरीतली क्लिप पुसली तर ड्राफ्ट उघडतो, पण त्या जागी काळी चौकट दिसते. गूगल फोटोजमध्ये `Free up space` दाबलं तरी असं होऊ शकतं, कारण तेव्हा वर चढवून झालेल्या क्लिप मोबाईलमधून काढल्या जातात. तुम्हाला त्या फोटोजमध्ये दिसत राहतात, म्हणून वाटतं की आहेत. ॲपला मात्र त्या मोबाईलमध्ये मिळत नाहीत. व्हिडिओ पूर्ण होऊन तपासून होईपर्यंत हे बटण दाबू नका. दाबलं गेलंच, तर ती क्लिप फोटोजमधून पुन्हा मोबाईलवर उतरवून घ्या आणि ड्राफ्टमध्ये त्या जागी बसवा.

आता आमच्याकडं कुणी म्हणालं की "व्हिडिओ लॅपटॉपवर आहे," तर आम्ही विचारतो, "कोणता? मूळ, प्रोजेक्ट की तयार?" सुरुवातीला ताईला राग यायचा. आता ती स्वतःच सांगते, "तिन्ही एका फोल्डरमध्ये आहेत, आणि मूळ कपाटातल्या डिस्कवर पण आहे." एवढं उत्तर आलं की आम्ही पुढचं काम बोलतो.

अक्कांचं नवं रेकॉर्डिंग त्याच डिस्कवर आहे. सात मिनिटं, अख्खं.